सोयाबीनची उगवण, ९० सेकंद आणि दोन भाषा: आकडा आवाजावर कसा बसवला

काम तसं छोटं होतं. वरुडकडच्या एका शेतकरी गटाला मे महिन्यात व्हॉट्सॲपवर फिरवायला ९० सेकंदांचा व्हिडिओ हवा होता. विषय होता घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण पेरणीआधी घरीच कशी तपासायची. गटातली निम्मी गावं आपल्याकडची आणि निम्मी सीमेपलीकडची, बैतूलच्या बाजूची, म्हणून आवाज मराठीतही हवा आणि हिंदीतही. चित्र मात्र एकच, कारण शूटिंगला एकच दिवस आणि एकच अंगण मिळणार होतं. मी म्हटलं, ठीक आहे, मराठी स्क्रिप्ट लिहू, तिचं हिंदी करून घेऊ, दोन आवाज चढवू आणि मोकळं होऊ. ते तसं झालं नाही. काय काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण दोन भाषांत असलं काम करणारे बरेच जण त्याच खड्ड्यात पडताना बघितलेत.

आधी विषय थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचे आकडे डोक्यावरून जातील. सोयाबीनचं सरळ वाण असलं तर घरचं बियाणं वापरता येतं, पण त्याचं साल पातळ असतं, मळणीत किंवा पोती आपटताना दाण्याला मार बसतो आणि उगवण घसरते. म्हणून आधी तपासायचं. सरसकट शंभर दाणे घ्यायचे, धुतलेला बारदाना ओला करून पिळायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सातव्या दिवशी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीचं प्रमाण, म्हणजे एकरी ३० किलो. साठच निघाले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. त्याहून खाली गेलं तर गणित मांडत न बसता दुसरं बियाणं बघावं, असं गटाच्या कृषी सल्लागारांचं म्हणणं होतं आणि ते आम्ही व्हिडिओत तसंच ठेवलं.

पहिला खर्डा मी नेहमीसारखा लिहिला आणि शब्द मोजले. मराठी मापात वाटलं. हिंदी आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी करून दिलं, ते बैतूलचेच, आवाजही तेच देणार होते. त्यांच्या कागदावरचे शब्द मोजले तर मराठीच्या जवळपास दीडपट! मी घाबरलो. एवढं ९० सेकंदांत कसं बसणार? म्हणून रात्री बसून हिंदीतून चांगली चांगली वाक्यं उडवली, सरांना फोन करून सांगितलं की सर, थोडं छाटलंय, जागा नाहीये. ते बिचारे म्हणाले, "आप जैसा ठीक समझें." दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर वाचून पाठवलं आणि ते मराठीपेक्षा नऊ सेकंद आधीच संपलं. नऊ सेकंद नुसती गुंडाळी दिसतेय आणि आवाज नाही.

चूक शब्द मोजण्यात होती. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, हिंदीत ती वेगळी लिहिली जाते, त्यामुळे तेवढंच बोलणं हिंदीत कागदावर जास्त शब्दांचं दिसतं. हे वाक्य बघा:

मराठी: दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांमध्ये बोटभर जागा.
हिंदी: दस-दस दानों की दस कतारें, हर दो दानों के बीच एक उँगली की जगह।

शब्द मोजले तर मराठी ८ आणि हिंदी १४. अक्षरं मोजली तर २३ आणि २९. आता तोंडाने म्हणून बघा आणि प्रत्येक उच्चाराला मांडीवर एक टिचकी मारा. मराठीत २० टिचक्या होतात, हिंदीत २१. म्हणजे बोलायला दोन्ही जवळजवळ सारखीच! "दहा" ला दोन ठोके लागतात, "दस" ला एक, "बीच" एक, "एक" एक. कागदावर अक्षर दिसतं पण शेवटचा अ तोंडात येतच नाही, म्हणून अक्षरं मोजूनही फसायला होतं.

आणि उलटंही होतं. "सत्तरपेक्षा कमी उगवले, तर बियाणं वाढवा" हे मराठी वाक्य सहा शब्दांचं. "सत्तर से कम उगें, तो बीज बढ़ाएँ" हे सात शब्दांचं. शब्दांच्या हिशोबाने हिंदी लांब, ठोक्यांच्या हिशोबाने मराठी १५ आणि हिंदी ११. "पेक्षा कमी" चार ठोके खातं, "से कम" दोनच. म्हणजे जिथे मी कापलं तिथेच हिंदीला खरंतर भर घालायला पाहिजे होती.

तेव्हापासून आम्ही ठोकेच मोजतो. आधी दोन्ही आवाजांचा वेग काढला. दोघांना एकेक परिच्छेद दिला, सांगितलं की अंगणात बसलेल्या माणसाला सांगताय असं वाचा, बातम्या वाचल्यासारखं नको, आणि स्टॉपवॉच लावलं. मराठी आवाज आमच्या वहिनींचा, त्या सेकंदाला साडेचार ठोक्यांच्या आसपास बोलतात. सरही तेवढेच निघाले, हे नशीब. (वेग वेगळा निघाला असता तर दोघांचा हिशोब वेगळा ठेवावा लागला असता, त्यात अवघड काही नाही, फक्त विसरून चालत नाही.) मग ९० सेकंदांतून २५ सेकंद शांततेसाठी काढून ठेवले, कारण दाणे मांडताना आणि कोंब मोजताना माणसाला नुसतं बघायचं असतं. उरले ६५ सेकंद, म्हणजे साधारण २९० ठोके. माझा पहिला मराठी खर्डा ४१० ठोक्यांचा होता. श्वास न घेता वाचला तरी ९१ सेकंद! तरी मला कागदावर तो मापात वाटला होता.

कापताना काय गेलं? बियाणं का तपासावं याचं सगळं प्रवचन गेलं. मे महिन्यात ज्याच्या घरात सोयाबीनचं पोतं आहे त्याला ते सांगायची गरज नाही. "उगवणक्षमता" हा शब्दच गेला, पाच ठोके आणि कोणी बोलतही नाही, त्याजागी नुसतं "उगवण".

आता खरी भानगड, पाट्यांची. पाटी म्हणजे स्क्रीनवर येणारा मजकूर. चित्र एकच असल्यामुळे मी ठरवलं होतं की मराठी आवाजावर चित्र आणि पाट्या कापून पक्क्या करायच्या, आणि हिंदीचं प्रत्येक वाक्य मराठी वाक्य जिथे सुरू होतं तिथूनच सुरू करायचं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. टाइमलाइनवर पण छान दिसतं, सगळ्या पट्ट्या डावीकडून एका रेषेत. पण बघताना काहीतरी खटकत होतं आणि काय ते पटकन कळेना.

कळलं ते गटातल्या एका म्हाताऱ्या बाबांना दाखवल्यावर. आमची रीत अशी की व्हिडिओ एकदा दाखवायचा, मोबाईल काढून घ्यायचा आणि विचारायचं, आता काय काय कराल सांगा. "आवडला का" असं कधी विचारत नाही, आवडला असंच सांगतात सगळे. बाबा म्हणाले, "भाऊ, सत्तर दाणे मोजून घ्याचे, मंग बारदान्यात गुंडाळाचे." सत्तर! शंभर कुठे गेले?

मागे जाऊन फ्रेम फ्रेम बघितलं. पहिल्या कटमध्ये सुरुवातीलाच "सत्तर उगवले तर निर्धास्त" असं एक वाक्य होतं, लोकांना धरून ठेवायला टाकलेलं, आणि 70 ची पाटी आवाजाच्या सेकंदभर आधी उगवत होती कारण ती जागा आधीच्या छोट्या वाक्याच्या हिशोबाने ठेवलेली आणि वाक्य नंतर मी लांब केलं होतं. त्या वेळी पडद्यावर काय चाललं होतं? हात परातीतून दाणे मोजत होता. आता डोळ्याने दाणे मोजणारा हात आणि 70 एकत्र बघितल्यावर कानाने काही का ऐकेना, माणूस सत्तरच मोजणार. बाबांचं काहीच चुकलं नव्हतं.

यातून दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ते सुरुवातीचं वाक्य काढलं, 70 हा आकडा कोंब मोजायच्या शॉटशिवाय कुठेच दिसणार नाही असं ठरवलं. दुसरं जास्त महत्त्वाचं. पाटी त्या शब्दाच्या आधी यायला नको. शब्दासोबत यावी, किंवा पाच-सहा फ्रेम मागून आली तरी चालते, उलट ते बरंच वाटतं, ऐकलेलं डोळ्याने पक्कं होतं. पण आधी आली की डोळा वाचायला जातो आणि कान तेवढा वेळ बंद पडतो, मग आवाज मागून येऊन तेच सांगतो तेव्हा तो शिळा लागतो.

पण पाटी शब्दासोबत हवी म्हटलं की एका चित्रावर दोन भाषा कशा बसवायच्या? तो शब्द मराठीत एका जागी येतो आणि हिंदीत दुसऱ्या. इथे आमच्या एडिटरने डोकं चालवलं. तो म्हणाला, दादा, तुम्ही वाक्याचं तोंड का जुळवताय, आकडा जुळवा ना. वाक्य कुठून सुरू होतं याचं बघणाऱ्याला काय पडलंय, त्याला पाटी आणि शब्द एकत्र भेटले पाहिजेत. इतकं साधं, आणि मला दोन दिवस सुचलं नव्हतं.

म्हणून आम्ही पाटी येणाऱ्या प्रत्येक शॉटला एक खांब ठरवला. खांब म्हणजे तो एकच शब्द ज्यावर पाटी येणार. खांबाची वेळ दोन्ही भाषांत तीच, आणि वाक्य खांबापासून मागे मोजून जिथून सुरू व्हायला पाहिजे तिथून सुरू करायचं. ३५ किलोचा शॉट दाखवतो:

मराठी: शंभरातले साठच उगवले, तर एकरी तीसच्या जागी पस्तीस किलो पेरा.
हिंदी: सौ में साठ ही उगे, तो एकड़ में तीस की जगह पैंतीस किलो डालिए।

खांब आहे "पस्तीस" आणि "पैंतीस". त्याच्या आधी मराठीत १६ ठोके येतात, हिंदीत १४. साडेचारने भागलं आणि स्वल्पविरामाच्या दमासाठी ०.४ सेकंद धरले तर मराठीला खांबापर्यंत पोचायला ४ सेकंद लागतात, हिंदीला साडेतीन. म्हणजे हिंदी वाक्य अर्धा सेकंद उशिरा सुरू करायचं, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने १२ फ्रेम. स्क्रिप्टच्या कागदावर ते असं उतरलं:

```
शॉट 11   खांब: 35 किलो   00:01:04:00
मराठी सुरू  00:01:00:00
हिंदी सुरू  00:01:00:12
पाटी आत    00:01:04:05
पाटी बाहेर  00:01:07:20
```

पाटी खांबाच्या पाच फ्रेम मागे आहे ती मुद्दाम. बाहेर कधी काढायची ते आमचं घरगुती माप, पाटी मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून व्हावी. "35 किलो" ला साडेतीन सेकंद जरा जास्तच आहेत, पण हाच आकडा लोक आपसात बोलणार होते म्हणून ठेवला.

हा हिशोब आधीच करायचा का, रेकॉर्डिंग झाल्यावर आवाज सरकवून भागत नाही का, असं कोणीही विचारेल. सरकवून भागतं, पण आधीच्या वाक्यानंतर जागा असेल तरच. पहिल्या खर्ड्यात वाक्यं एकाला एक चिकटून होती, एक सरकवलं की मागचं त्याच्यावर चढायचं. ते २५ सेकंद शांततेचे होते ना, ते खरे इथे कामाला आले. प्रत्येक खांबाच्या आधी दीड-दोन सेकंद मोकळे ठेवले, त्यात लांब भाषा आधी सुरू होते आणि आखूड भाषा थांबून येते, आणि बघणाऱ्याला ते नैसर्गिक दमासारखंच वाटतं. फक्त एका शॉटमध्ये फरक दीड सेकंदाच्या वर गेला, तिथे सरकवत बसलो नाही, मराठी वाक्यच नवीन लिहिलं. फरक एवढा मोठा आला की समजायचं दोन भाषांतलं एक वाक्य भाषांतर आहे, बोलणं नाही. आमच्या बाबतीत ते मराठीच होतं, गंमत म्हणजे, कृषी पत्रिकेतून उचललेलं!

पाट्या एकूण आठ. त्यातल्या पाच दोन्ही व्हिडिओंत सेम ठेवता आल्या: 100, बारदाना, 10 × 10, 70 आणि 35 किलो. "बारदाना" वर मी खूश आहे. माझ्या खर्ड्यात गोणपाट होतं, सरांच्या खर्ड्यात टाट. वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे पोतंच म्हणतात हो." पण आडतीवर, मंडीत, दोन्हीकडे बारदानाच चालतो, म्हणून आवाजातही तोच घेतला आणि पाटीवरही. हे फार सांभाळावं लागतं, आवाज "पोतं" म्हणतोय आणि पाटीवर "गोणपाट" लिहिलंय असं झालं की बघणारा क्षणभर अडखळतो, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. आकडे मी 0 ते 9 असेच घेतले, ७० असे नाही. मराठी मनाला बोचलं थोडं, पण बियाण्याच्या पिशवीवर आणि काट्यावर दोन्हीकडे तेच छापलेले असतात.

उरलेल्या तीन पाट्या वेगळ्या होत्या: "सावलीत ठेवा", "रोज पाणी शिंपडा" आणि "सातव्या दिवशी मोजा", त्यांचं हिंदी वेगळ्या लेयरवर. हिंदी पाटीवरून एक छोटा वाद झाला. मराठीत "ठेवा" म्हटलं की आदरही झाला आणि काम पण झालं. हिंदीत "रखो" म्हटलं तर वयस्कर माणसाला कसंतरी वाटतं, "रखिए" म्हटलं तर एक ठोका वाढतो, "रखें" सरकारी नोटिशीसारखं वाटतं. सर म्हणाले, पाटीवर "रखें" चालेल, लिहिलेलं तसंच असतं, पण बोलताना मी "रखिए" म्हणणार. मी ते मान्य केलं, म्हणजे आवाज आणि पाटी एकच हवी हा माझाच नियम इथे मोडला. कोणी अडखळलं नाही. शब्द तोच असला आणि शेपूट बदललं तर चालतं बहुतेक, वस्तूचं नाव बदललं की नाही चालत.

एक तांत्रिक त्रास सांगून ठेवतो. एडिटरने पाट्यांना टाइपरायटर इफेक्ट दिला होता, एकेक अक्षर टाइप होत येतं तो. इंग्रजीत छान दिसतो. देवनागरीत "शिंपडा" टाइप होताना आधी श येतो, मग त्याच्या डावीकडे टुणकन वेलांटी उगवते आणि श उजवीकडे सरकतो, मग डोक्यावर टिंब. "सातव्या" मध्ये आधी पूर्ण व दिसतो, मग त्याचा पाय मोडून हलंत होतो, मग तो अर्धा होऊन य ला चिकटतो. कारण सॉफ्टवेअर आपलं अक्षर न मोजता त्याच्या आतले सुटे कोड मोजतं. दिसायला वाईट हे एक, पण वेळेचाही घोटाळा होतो. "सातव्या दिवशी मोजा" पूर्ण व्हायला लागायचे दीड सेकंद, म्हणजे पाटी वेळेवर सुरू होऊनसुद्धा वाचता येईपर्यंत शब्द निघून गेलेला असायचा. तो काढून साधा मास्क लावला, डावीकडून उजवीकडे सहा फ्रेममध्ये अख्खी पाटी उघडते. आणि वेळ मोजताना पाटी कधी सुरू होते हे न बघता वाचण्याजोगी कधी होते हे बघायला लागलो.

शेवटच्या कटची तपासणी दोन प्रकारे केली. आवाज बंद करून दाखवला, मग पाट्या आणि चित्रावरून किती कळतं ते विचारलं. आणि मोबाईल उलटा ठेवून नुसता ऐकवला. आवाज बंद असताना सगळे शंभर, दहा ओळी, सातवा दिवस इथपर्यंत नीट सांगत होते, पण ३५ किलो का ते कोणालाच नुसत्या पाटीवरून कळलं नाही. त्यात दुरुस्ती केली नाही. साठवरून पस्तीस कसे आले ते पाटीवर मांडायला गेलो तर अख्खं गणित लिहावं लागलं असतं आणि तेवढं वाचायला त्या शॉटमध्ये वेळच नव्हता, ते आवाजाचंच काम आहे. बाबांना परत दाखवला तेव्हा त्यांनी शंभर सांगितले, वर विचारलं की चांगला कोंब कोणता आणि मोडका कोणता हे नीट दिसत नाही. ते खरं होतं. तो शॉट लांबून घेतला होता आणि परत घ्यायला आता कोंब नव्हते, सात दिवस थांबून नवे उगवले आणि मग घेतला.

आता मेळघाटातून कोरकूत करून मागितलाय. चित्र आणि खांब आहेत तेच ठेवायचे ठरलंय. धारणीकडची एक ताई आवाज द्यायला तयार आहे, पण अजून तिला स्क्रिप्ट पाठवलेली नाही. आधी फक्त खांबाचे आठ शब्द आणि त्याच्या आसपासचं ती स्वतः घरी कसं सांगेल ते बोलून पाठव म्हटलंय, ऑडिओ आला की टिचक्या मोजायला बसू.